दोन पर्यायांपैकी एकच

«मृदा आरोग्य कार्डाचा फोटो टाकलाय. खालच्या तक्त्यातली पर्याय १ आणि पर्याय २ दोन्ही खतं टाकायची का?»

नाही भाऊ, दोन्हींतला एकच घ्या. दोन्ही पर्याय हेक्टरी १०० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरदच देतात, फक्त खतं वेगळी. पर्याय १ मध्ये डीएपी १३० किलो आणि युरिया १६६ किलो आहे. डीएपीमध्येच थोडं नत्र असतं, म्हणून युरिया कमी. पर्याय २ मध्ये सुपर फॉस्फेट ३७५ किलो आणि युरिया २१७ किलो.

आकडे हेक्टरी आहेत, म्हणून एकरासाठी अडीचने भागा. डीएपी ५२ किलो, म्हणजे साधारण एक गोणी. युरिया ६६ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दीड गोणीला थोडा कमी. हा युरिया एकदम टाकू नका, हप्त्यांनी द्या.

मी तुमच्या जागी पर्याय २ घेतला असता. फोटोत गंधकापुढे ‘कमी’ लिहिलंय आणि सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळतं, डीएपीतून नाही.

दोन्ही पर्याय टाकले तर खर्च वाढेलच, पण तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे. जस्त ०.४ दिसतंय, ०.६ च्या खाली ते कमी धरतात. त्यात सामू ८.३, म्हणजे आहे तेही पिकाला नीट मिळत नाही. वरून स्फुरद दुप्पट झालं की जस्ताचं शोषण आणखी घटतं. मक्यात वरच्या कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे दिसले, तर हेच समजा. झिंक सल्फेट देताना ते स्फुरदाच्या खतात कालवू नका, वेगळं द्या.