ऋणनिर्देश: नावापुढे काम लिहून पाहा

"ऋणनिर्देश चार पानांचा झाला आहे, कोणालाही न दुखावता तो एका पानावर कसा आणावा?"

निफाडच्या द्राक्ष बागायतदारांवरील माझ्या प्रबंधात मी प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने नेमके काय केले ते लिहिले आणि जिथे ‘मोलाचे सहकार्य’ याखेरीज काही सुचले नाही, ती नावे वगळली. ‘ऋषितुल्य मार्गदर्शकांच्या चरणी’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या परिच्छेदाच्या जागी ‘कर्जाविषयीचा प्रश्न संदिग्ध असल्याचे मार्गदर्शकांनी दाखवल्यामुळे बारा मुलाखती पुन्हा घेतल्या’ एवढेच उरले. सरांना (माझ्या भीतीच्या उलट) तेच अधिक आवडले. जुने अंक काढून देणाऱ्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांना एक ओळ पुरली, घरच्यांना दोन. मुलाखत देणाऱ्यांना गोपनीयतेचे आश्वासन दिले असल्यास त्यांची नावे येथेही देऊ नयेत. तालुक्याचा उल्लेख करून एकत्रित आभार मानावेत.