नुसतं काजळ घालून गेले तर "बरं नाहीये का?"

पहाटपाऊस: पुण्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. नियमावलीत 'नीटनेटकं राहावं' एवढंच लिहिलंय. दोन दिवस मेकअप न करता, फक्त काजळ घालून गेले, तर सुपरवायझरनी विचारलं, "बरं नाहीये का?" तिसऱ्या दिवशी मला आत बिलिंगला बसवलं. मी नाही म्हणू शकते का?

कोथरूडकर: रिसेप्शन म्हणजे हॉटेलचा चेहरा. आम्हा पुरुषांनाही रोज गुळगुळीत दाढी आणि टाय लागतोच. त्याला कुणी अन्याय म्हणत नाही.

तिखटमीठ: दाढी दहा मिनिटांत होते हो. मी सहा वर्षं सराफाच्या दुकानात काउंटरला होते. सकाळी २५ मिनिटं लावायला, रात्री १० काढायला. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १७५ तास झाले, म्हणजे जवळपास २२ दिवसांची बिनपगारी ड्युटी. फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, लिपस्टिक, काजळ आणि रिमूव्हर मिळून महिन्याला साडेनऊशे जायचे. उन्हाळ्यात स्कूटरवरून जाताना हेल्मेटच्या आतल्या फोमला अर्धं फाउंडेशन लागायचं. पोचल्यावर वॉशरूममध्ये हनुवटीपासून पुन्हा सुरुवात.

गुलबक्षी: माझ्या गालांवर वांग आहेत. मेकअप केला की समोरचा माझ्या डोळ्यांकडे बघून बोलतो. मला त्याचं ओझं वाटत नाही. उगाच मेकअपला नावं का ठेवता?

तिखटमीठ: अगं, मेकअपला कोण नावं ठेवतंय! तू आपणहून करतेस. हिने केला नाही म्हणून हिला आत बसवलं.

काळा कोट: अमेरिकेत रिनोच्या हॅराज कसिनोत डार्लिन जेस्परसन सुमारे वीस वर्षं बारटेंडर होत्या. २००० मध्ये कंपनीने बायकांना पावडर, ब्लश, मस्कारा, लिपस्टिक सक्तीची केली. त्यांनी नकार दिला, नोकरी गेली. २००६ मध्ये अपील कोर्टातही त्या हरल्या. पुरुषांनाही केस आखूड ठेवायचा नियम होताच, आणि बायकांचा वेळ-पैसा जास्त जातो याचा पुरावा त्यांनी दाखल केला नव्हता. कोर्टाने ते गृहीत धरायला नकार दिला. म्हणून वर तिखटमीठ यांनी मांडलाय तसा हिशेब तारखांसकट लिहून ठेवा, आणि बिलिंगला का बसवलं हे ईमेलवर विचारा. तिथे निदान नियम कागदावर होता. तुमच्याकडे तोही नाही, त्यामुळे आव्हान कशाला द्यायचं हाच प्रश्न येईल.

कोथरूडकर: वेळेचा हिशेब मी कधी केला नव्हता, ते मान्य. पण लेखी विचारलं तर उद्या लेखी नियमच काढतील. मग काय?

काळा कोट: काढू शकतात, तो धोका आहे. पण व्हर्जिन अटलांटिकने २०१९ मध्ये केबिन क्रूवरची मेकअपची सक्ती काढली. विमान कंपनीला जमतं, तर हॉटेलला का जमू नये?

पहाटपाऊस: ईमेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. घरी माझ्या एकटीचाच पगार येतो. तिन्ही दिवसांच्या रोस्टरचे फोटो मात्र काढून ठेवलेत.