ग्रामसभेची सूचना संकेतस्थळावर टाकली, तर दवंडी आणि फलक बंद करावेत का?

नवा सदस्य (धागाकर्ता): आमच्या ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ नुकतेच सुरू झाले आहे. मासिक सभेत असा विचार पुढे आला की, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची सूचना यापुढे तेथेच प्रसिद्ध करावी आणि दवंडीचा खर्च वाचवावा. गावात सुमारे १८०० मतदार आहेत. हे योग्य होईल का?

शहरवासी: अवश्य करावे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते आणि त्यात इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे. संकेतस्थळावर सूचना टाकली की कायद्याचे काम झाले.

निवृत्त ग्रामसेवक: आपले म्हणणे अर्धेच बरोबर आहे. त्याच कलमात सूचनाफलक, वर्तमानपत्रे आणि जाहीर घोषणा यांचाही उल्लेख आहे. इंटरनेट हे त्यांपैकी एक साधन आहे, बाकीच्यांची जागा घेणारे नव्हे. शिवाय ग्रामसभेची सूचना हा ग्रामपंचायत अधिनियमाचा आणि त्याखालील नियमांचा विषय आहे. सर्वसाधारण ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. सभेचा दिवस धरायचा की सोडायचा यावर नंतर वाद होऊ नये म्हणून मी १५ ऑगस्टच्या सभेची सूचना ७ तारखेलाच फलकावर लावत असे, दवंडी देत असे आणि ती दिल्याची नोंद ठेवत असे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. आपल्या गावात १५ टक्के म्हणजे २७० होतात, म्हणून १०० जण पुरतात. ते १०० जण संकेतस्थळ पाहून येतील असे वाटत असेल, तर दवंडी खुशाल बंद करा. पण सभा तहकूब झाली आणि कोणी तक्रार केली, तर सूचना कशी दिली हाच पहिला प्रश्न विचारला जाईल.

चाकरमानी: आम्ही मुंबईत राहतो, घर कोकणात आहे. घरपट्टी येथून भरता यावी आणि नमुना ८ चा उतारा मिळावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. संकेतस्थळाने हे होईल का?

नवा सदस्य: तो वेगळा विषय आहे, येथे केवळ सूचनांबद्दल विचारले आहे.

संगणक परिचालक: मी दवंडीच्या बाजूचा आहे, तरीही संकेतस्थळ निरुपयोगी आहे असे मानत नाही. सभेच्या आधी लोकांना बोलावण्यापेक्षा सभेनंतर काय ठरले हे सांगण्यासाठी त्याचा अधिक उपयोग होतो. फलकावरचा कागद पावसात गळून पडतो. इतिवृत्त मात्र दोन वर्षांनीही उघडता आले पाहिजे. प्रत्यक्षात अडचण अशी होते की, सूचना जुन्या फाँटमध्ये टंकलिखित करून चिकटवली जाते किंवा सहीच्या कागदाचे छायाचित्र चढवले जाते. मग भ्रमणध्वनीवर अक्षरांऐवजी विचित्र चिन्हे दिसतात आणि ‘घरकुल’ हा शब्द शोधला तर काहीच सापडत नाही. यासाठी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि सही असलेली प्रत त्याखाली जोडावी. तपासणी सोपी आहे: पानावरचा एक शब्द निवडून दुसरीकडे चिकटवून पाहा, तो तसाच उमटला तर मजकूर ठीक आहे.

शहरवासी: योजनांचे काय? त्यांच्यासाठी तरी संकेतस्थळ हवेच ना?

संगणक परिचालक: हवे, पण शासनाच्या पानावरची माहिती उतरवून घेण्यासाठी नव्हे. मूळ पानावर मुदत वाढते आणि आपल्याकडे जुनी तारीख तशीच राहते. मग अर्ज करणारा माणूस मुदत संपली असे समजून घरी बसतो. मूळ पानाचा दुवा द्यावा आणि आपल्या कार्यालयात कोणती कागदपत्रे, कोणत्या वारी, कोणाकडे द्यायची एवढेच स्वतःचे लिहावे. प्रत्येक नोंदीवर ती शेवटची केव्हा तपासली ती तारीख असावी.

निवृत्त ग्रामसेवक: एक गोष्ट यात भर घालतो. घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे ठेवली जाते, म्हणून नावे आणि अनुक्रम प्रसिद्ध करण्यात गैर नाही. परंतु कार्यालयातील तक्ता जसाच्या तसा चढवला, तर त्यासोबत आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांकही जगजाहीर होतात. ते रकाने आधी काढून टाकावेत. केवळ झाकलेले रकाने पुन्हा उघडता येतात.

शहरवासी: मान्य. तरीही वाड्यावस्त्यांवर दवंडी सर्वत्र ऐकू येते असे नाही. व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकली तर?

नवा सदस्य: गट आहे, पण त्यात विरोधी गटाची माणसे घेतलेली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

संगणक परिचालक: मग गटावर संकेतस्थळाच्या पानाचा दुवा पाठवा, कारण ते पान विरोधकांनाही उघडता येते. आणखी एक विचारतो: संकेतस्थळाचे नाव पंचायतीच्या मालकीचे आहे की ज्याने ते बनवले त्याच्या? खाजगी नाव असेल आणि वर्षाने शुल्क भरायचे राहिले, तर सगळी इतिवृत्ते एका दिवसात दिसेनाशी होतील. `gov.in` चे नाव शासकीय संस्थांनाच मिळते. त्यासाठी कार्यालयामार्फत अर्ज करावा लागतो.

नवा सदस्य: तपासले. नाव बनवणाऱ्याच्याच खात्यात आहे. ते पंचायतीकडे घेण्याचा विषय पुढच्या मासिक सभेत ठेवतो. दवंडी तूर्त चालू राहील. तिच्या खर्चावरून मात्र दोन सदस्य अजून अडून बसले आहेत.