मदत हवी आहे: नवख्यांना कविता वाचायला कधी बोलवावं?

नमस्कार मंडळी. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी कवितावाचन ठेवलंय. आजवर चारचौघांत कधीच न वाचलेल्यांनी आवर्जून यावं, ही मनापासून इच्छा. स्वतःची कविता नसली तर कपाटातलं आवडतं पुस्तक काढून वाचा. नुसतं ऐकायला आलात तरी आनंदच.

खुर्च्या गोलात, माइक नाही. वाचायचं असेल त्याने दारातल्या वहीत नाव लिहायचं. एकेक कविता, साधारण ३ मिनिटं.

अडचण क्रमाची आहे. सराईत कवी आधी वाचले, की नवखे वहीतलं नाव हळूच खोडतात. अगदी पहिलं बोलावलं तर आवाज फुटत नाही. तुमच्याकडे एक जुना, एक नवा असं आलटून पालटून कोणी करतं का? जमतं का ते?