२४ की २५? ऊसतोडीच्या माहितीपटाचं शूट सुरू व्हायच्या आधीच अडलोय

पाचट
ऊसतोड टोळ्यांमधल्या बायकांच्या ओव्यांवर तासाभराचा माहितीपट करतोय. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यावर पोचल्या की शूट सुरू. आधी फेस्टिव्हल, मग जमलं तर टीव्ही किंवा ओटीटी, आणि रील्स तर लागतातच. कॅमेरा ४के आहे, सोबत ड्रोन आणि आयफोन. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करू की २५ वर? चित्र सिनेमासारखं रुंद दिसावं म्हणून वर खाली स्कोपच्या काळ्या पट्ट्या आत्ताच टाकून घेऊ का?

चोवीसच
२४. यात विचार करण्यासारखं काही नाही. थिएटरला फिल्म ज्या डिजिटल प्रतीत देतात तो डीसीपी २४ चा, ओटीटीलाही २४ चालतं, पडद्यावर सिनेमा सिनेमासारखा दिसतो तो २४ मुळेच. २५ ही टीव्हीवाल्यांची गरज होती आणि तुझा टीव्ही अजून "जमलं तर" मध्ये आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून लोक फ्लिकरची भीती घालतात. शटर १/५० वर ठेव. अंशात मोजणारा कॅमेरा असेल तर १७२.८. मिटला विषय.

लग्नघर
दादा, सगळं ६० वर काढा. नंतर हवं तिथे स्लो करता येतं. आम्ही वरातीचं, हळदीचं सगळं ६० वरच काढतो, पार्टी खूश असते.

रात्रपाळी
लग्नघर, वरातीत स्लो मोशन हवंच असतं. इथे बाई बसून ओवी म्हणणार आहे, तिला स्लो कशाला करायचं? ६० चं २५ करताना दर बारा फ्रेममागे पाच ठेवावे लागतात, तेही समान अंतराने निघत नाहीत. कॅमेरा पॅन झाला की चित्र अडखळतं. शिवाय शटर १/१२० ला गेलं तर रात्रीच्या शॉटला उजेड पुरणार नाही. ५० आणि २५ असतं तर गोष्ट वेगळी, एकाआड एक फ्रेम काढला की काम झालं.

आता पाचट. मी डिलिव्हरीचं काम करतो, म्हणजे सगळ्यांनी सगळं केल्यावर जे उरतं ते माझ्याकडे येतं. २४ सुंदर की २५ सुंदर हा वाद सोड, कुणालाही शेजारी शेजारी लावून ओळखता येणार नाही. प्रश्न एवढाच, की बदल कुठे करावा लागणार आणि तो तुझ्या फिल्मला झेपणार का.

२५ वर केलेली बरोबर ६० मिनिटांची फिल्म म्हणजे ९०,००० फ्रेम. फेस्टिव्हलने २४ चा डीसीपी मागितला, तर तेच फ्रेम २४ च्या वेगाने चालवायचे. फिल्म होते साडेबासष्ट मिनिटांची. "६० मिनिटांपर्यंत" अशा गटात भरली असशील तर तू गटाबाहेर. ५९ मिनिटांची केलीस तरी ६१ मिनिटं २७ सेकंद होतात. आणि आवाज चार टक्के मंदावतो. काही केलं नाही तर सूर खाली येतो. काळी एकमध्ये ओवी म्हणणारी बाई पांढरी एक आणि काळी एकच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते, पांढरीच्या जास्त जवळ. बोलण्यात हे कुणाला कळत नाही. ओवीत कळतं, विशेषतः तिच्या घरच्यांना.

उलट २४ वर केलीस आणि टीव्हीने घेतली, तर सूर तेवढाच वर जातो. म्हणजे दुखणं दोन्हीकडे सारखंच. म्हणून विचारतो, सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक कोण? आणि बाहेरून आणलेलं जुनं फुटेज काही आहे का?

आवाजवाली
सूर न हलवता वेग बदलणारी साधनं आता चांगली आहेत. चार टक्के म्हणजे काहीच नाही. मी तबल्याचे कार्यक्रम असे बदलून दिलेत, एकाचीही तक्रार आली नाही.

रात्रपाळी
ताई, तबल्याला लांबलेली शेपटी नसते. एकट्या बाईचा लांबवलेला "गंऽऽ", मागे काही वाजत नाही, तिथे मला तरी कंप ऐकू येतो. कदाचित मला तो आहे हे माहीत असतं म्हणून येत असेल, हे मान्य.

आवाजवाली
अल्गोरिदम कुठलं निवडता त्यावर आहे. मी अजूनही म्हणेन, हे कारण २५ किंवा २४ ठरवण्याएवढं मोठं नाही. मला काळजी दुसरीच आहे. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेणार असाल तर कॅमेऱ्याच्या मेनूत २४ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत २४ दाखवतात आणि फाइल निघते २३.९७६ ची. माझ्याकडे असं एक काम आलं होतं. एडिटरने क्लिपचा रेट हाताने २४ करून घेतला, आवाज मूळ वेगावरच राहिला. सुरुवातीला ओठ बरोबर, शेवटाकडे आवाज मागे पडलेला. तासाला ३.६ सेकंद. आम्ही दोन दिवस रेकॉर्डरला शिव्या घालत होतो.

चोवीसच
हं. माझ्या कॅमेऱ्यात २३.९८ च लिहिलंय, मी त्यालाच २४ म्हणत आलोय. डीसीपी करून देणाऱ्याने कधी काही विचारलं नाही.

रात्रपाळी
त्याने गुपचूप एक दशांश टक्का वेग वाढवून दिला असणार. आवाजही सोबत ओढला म्हणून तुला कळलं नाही. चांगला माणूस आहे, सोडू नकोस.

पाचट
जुन्या फुटेजचं विचारलंत म्हणून. वडिलांनी १९९८ च्या हंगामात याच टोळीचं चित्रण केलं होतं, व्हिडिओ कॅसेटवर. त्यातल्या दोन बायका अजून गातात. ते वीसेक मिनिटं वापरायचंय, फिल्मचा कणाच आहे तो. हे आधी सांगायला हवं होतं का?

रात्रपाळी
पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं! आपल्याकडची कॅसेट म्हणजे पाल, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांचा मिळून. फिल्मचा तिसरा हिस्सा जर जन्मतःच २५ चा असेल, तर प्रोजेक्ट २५ वर कर. २४ च्या टाइमलाइनवर ते फुटेज तसंच टाकलंस तर दर सेकंदाला एक फ्रेम गळतो. सेकंदाला एक बारीक हिसका. कोयता फिरतानाचा शॉट बघ, लगेच दिसेल.

कॅसेटमधून काढलेली फाइल ७२०×५७६ ची असेल. ती ४:३ आहे, ओढून १६:९ करू नकोस, बायका जाड दिसतात. १०८० च्या चौकटीत ती १४४० रुंदीची बसव, दोन्ही बाजूंना काळं राहू दे. कुणी "स्क्रीन भरून टाक" म्हणालं तर डोक्यावरचा पदर किंवा हातातला कोयता, दोन्हीपैकी एक कापला जाईल हे त्याला दाखव.

चोवीसच
कॅसेटचं मान्य. पण मग डीसीपीचं काय? परत तेच साडेबासष्ट मिनिटं.

रात्रपाळी
२५ चा डीसीपी बनतो. आताच्या एसएमपीटीई डीसीपीत २५ चालतं, जुन्या इंटरऑप प्रकारात नाही. बऱ्याच थिएटरांचे सर्व्हर ते वाजवतात. पण फेस्टिव्हलवाले स्वतः सगळ्या हॉलची खात्री देऊ शकत नाहीत म्हणून नियमात २४ लिहितात. प्रवेश भरताना एक मेल टाकून विचारायचं. नाही म्हणाले तर २४ ची दुसरी प्रत करायची, आणि ओव्यांसाठी आवाजवाली ताईंना पकडायचं.

आवाजवाली
मी येईन. पण कंप ऐकू येणार नाही. 🙂

पाचट
ड्रोन आणि फोनचं?

रात्रपाळी
ड्रोनच्या मेनूत २५ असतं, पहिल्या दिवशीच लाव. आयफोन आपोआप ३० वर असतो. सेटिंगमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे `Show PAL Formats` चालू केल्याशिवाय २५ दिसतच नाही. ड्रोनचं एखादं उड्डाण चुकून ३० वर झालं तर घाबरू नकोस. उसाच्या फडावरून जाणारा शॉट ३० चे फ्रेम २५ ने चालवलास तर थोडा संथ होईल, उलट बरा दिसेल. माणसं चालताना दिसली की मात्र पकडला जाशील.

रिझॉल्व्हवर एडिट करणार असशील तर क्लिप आत ओढायच्या आधी `Timeline frame rate` २५ कर. एकदा मीडिया आत आला की प्रोजेक्टचा तो रकाना बंद होतो. नवी टाइमलाइन वेगळ्या रेटची काढता येते, पण तोवर एडिटरने दहा मिनिटं कापलेली असतात.

कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्री शूट आहे का? तिथे स्वस्त एलईडीचे झोत असतात. २५ ला शटर १/५०. जनरेटरवर चालत असतील तर वारंवारता इकडेतिकडे होते आणि १/५० असूनही पट्टे सरकतात. आधी एक मिनिट काढ आणि फोनवर नाही, मोठ्या मॉनिटरवर बघ.

गुऱ्हाळ
पट्ट्यांचा प्रश्न राहिला. माझं ऐक, टाकू नकोस. माझ्या लघुपटात आम्ही १६:९ च्या चित्रावर स्कोपच्या पट्ट्या भाजून टाकल्या होत्या. हॉलमध्ये त्याचा फ्लॅट, म्हणजे स्कोपपेक्षा कमी रुंद चौकटीचा डीसीपी लागला. वर खाली आमच्या पट्ट्या, डाव्या उजव्या बाजूला रुंद पडद्याचं उरलेलं काळं. एवढ्या मोठ्या पडद्याच्या मध्यात पोस्टाच्या तिकिटासारखी फिल्म. आणि आईला वाटलं मशीन बिघडलंय.

रात्रपाळी
हे नेहमीचं. त्यात तुझी चौकट ४:३, १६:९ आणि स्कोप अशी तिहेरी होईल, नको. १६:९, म्हणजे ३८४०×२१६० वर शूट कर. फ्लॅट डीसीपी १९९८×१०८० चा. त्यात १९२० ची फिल्म मध्ये ठेवली तर दोन्हीकडे ३९ पिक्सेल काळं राहतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. पडदा भरायचाच असेल तर चार टक्के मोठं करून वर खाली २२ पिक्सेल सोडायचे. म्हणून सबटायटल आणि नावं कडेला चिकटवू नकोस.

रील्ससाठी २१६० उंचीतून उभी चौकट काढली की १२१५ रुंदी मिळते, १०८० लागते, म्हणजे पुरून उरतं. हेच १०८० वर शूट केलंस तर ६०७ मिळते, ओढावं लागतं. ४के चा मला दिसणारा खरा उपयोग हा.

चोवीसच
मग मध्येच फ्रेम करायचं? बायका सगळ्या मधोमध उभ्या? त्यापेक्षा फोन उभा धरून रील वेगळी काढा.

पाचट
ते मलाही पटत नाहीये. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, उभ्या चौकटीत एकच मावेल. बघतो, रीलसाठी वेगळा दिवस काढता येतो का. बाकी २५, १६:९, ३८४०. फेस्टिव्हलला मेल टाकलाय. उद्या कॅसेटमधली दोन मिनिटं, ड्रोनचं एक मिनिट आणि कॅमेऱ्याचं एक मिनिट एकत्र लावून डीसीपी काढून बघणार आहे. आमच्या गावच्या टॉकीजवाल्याने सकाळच्या शोआधी लावून देतो म्हटलंय.

रात्रपाळी
त्यात एक ओवी टाक. आणि टॉकीजवाल्याला सर्व्हर २५ वाजवतो का ते आजच विचार, सकाळी नको.