मदत हवी आहे : लॅपटॉप भाडेकरार की थेट खरेदी?

आमच्या छोट्या कंपनीसाठी 20 लॅपटॉप 36 महिन्यांच्या भाडेकरारावर घ्यावेत की विकत घ्यावेत, हे ठरवायचे आहे. मिळालेल्या प्रस्तावात मासिक भाडे खरेदी किमतीच्या 3 टक्के आहे, म्हणजे मुदतीअखेर एकूण 108 टक्के भरून यंत्रे परत द्यायची. विकत घेतल्यास 100 टक्के आणि वाढीव वॉरंटीचा खर्च येईल, पण यंत्रे चौथ्या वर्षीही वापरता येतील. मात्र एकरकमी पैसे गुंतवणे आम्हाला जड जाईल.

हा हिशेब मी मांडून पाहिला आहे. खरी काळजी परतीच्या अटींची आहे. करारात ‘सामान्य झीज’ मान्य आहे, पण तिची व्याख्या नाही. फुगलेली बॅटरी, झिजलेली बटणे, झाकणावरचे ओरखडे किंवा हरवलेला मूळ चार्जर यांची भरपाई कोण ठरवणार, हे त्यात स्पष्ट नाही. शिवाय 90 दिवस आधी लेखी सूचना न दिल्यास करार आपोआप वाढतो. डिस्कवरील माहिती आम्हीच पुसून देणार आहोत.

ज्यांनी असे लॅपटॉप प्रत्यक्ष परत केले आहेत, त्यांनी कृपया सांगावे : सही करण्यापूर्वी झिजेची व्याख्या आणि भरपाईची कमाल मर्यादा करारात नेमक्या कोणत्या शब्दांत लिहून घ्यावी?