बाळाच्या लसीचा दीड महिन्याचा डोस नक्की कधी?

प्राची (३०४): कुणी सांगा ना, बाळाचा जन्म १२ जानेवारीचा आहे, मोबाईलमधलं ॲप दीड महिन्याच्या डोसचं रिमाइंडर २७ फेब्रुवारीला दाखवतंय आणि कार्डावर नर्सने २३ लिहिलंय, कुठलं धरू?

मीना काकू (१०२): कार्डावरचं धर गं. दीड महिना हे आपलं बोलायला, खरं मोजतात आठवड्यांनी. ६ आठवडे म्हणजे ४२ दिवस, जानेवारीचे उरलेले १९ आणि फेब्रुवारीचे २३, झाले की ४२. पुढचे दोन १० आणि १४ आठवड्यांना, म्हणजे २३ मार्च नि २० एप्रिल

निखिल (५०१): जन्मवार बघ, तिन्ही तारखा त्याच वारी यायला हव्यात. वेगळा वार निघाला तर ॲप महिने मोजतंय

प्राची: हो, सोमवारीच जन्मलाय आणि कार्डावरचाही सोमवारच 😄 पण काकू तेव्हा आम्ही बाहेरगावी आहोत, परत आल्यावर ९ मार्चला दिला तर?

मीना काकू: शक्यतो तिकडेच देऊन घे, कार्ड सोबत ने. डांग्या खोकला एवढ्याशा बाळांनाच जास्त जड जातो म्हणून पहिला डोस इतक्या लवकर असतो. आणि ९ लाच दिलास तर पुढची तारीख जन्मापासून मोजायची नाही, दिलेल्या दिवसापासून किमान ४ आठवडे सोडायचे, म्हणजे दुसरा ६ एप्रिलच्या आधी नाही आणि तोही त्याच दिवशी दिला तर तिसरा ४ मे. ॲप मात्र मार्चमध्येच वाजत बसेल बिचारं, त्याला काय माहीत. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, पण अंतर कमी पडलं तर तो डोस धरत नाहीत

सुनीता (२०३): काकू आमची छकुली ५ आठवडे आधी झाली, मग तिचे ६ आठवडे ड्यू डेटपासून का?

मीना काकू: नाही नाही, लस खऱ्या जन्मतारखेवरूनच, डॉक्टरांनी मुद्दाम वेगळं सांगितलं तरच बदल. ड्यू डेट लागते ती तपासणीला, मान कधी धरली, कधी बसली, वजन-उंचीचा आलेख, हे बघताना ते ५ आठवडे वजा करायचे, साधारण २ वर्षांपर्यंत. नाहीतर ६ महिन्यांची झाली तरी बसत नाही म्हणून उगीच घोर लागतो

निखिल: गोवरची पण आठवड्यांनीच का काकू

मीना काकू: ती ९ महिने पूर्ण झाल्यावर, तिथे महिनेच, प्राचीच्या बाळाला १२ ऑक्टोबर. ती उगाच आधी घ्यायची घाई नको, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस नीट लागू पडत नाही

प्राची: ॲपमध्ये दिलेली तारीख टाकायचा ऑप्शन सापडला, ती टाकली की पुढची आपोआप सरकते. सुनीता तुझ्यात पण बघ, सेटिंगमध्ये आहे